आठवड्याचे तास गुणिले चार? ताशी मानधनाचं महिन्याचं बिल असं निघत नाही

प्रश्न: बेळगावात एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात आहे, पीयू म्हणजे अकरावी-बारावी आणि डिग्री एकाच कॅम्पसमध्ये. ९ व्हिजिटिंग टीचर आहेत, लेक्चरला ३५० रुपये. टाइमटेबल कधी आठवड्याला कधी पंधरवड्याला बदलतंय. प्रिन्सिपॉल म्हणतात आठवड्याचे तास गुणिले चार करून टाका, निपाणीहून येणाऱ्या एक मॅडम म्हणतात माझे तास त्यापेक्षा जास्त झालेत. महिन्याचा आकडा नक्की काढायचा कसा?

उत्तर:

गुणिले चार आधी सोडा. २८ दिवसांचा फेब्रुवारी सोडला तर चार आठवड्यांचा महिना कॅलेंडरात कुठंच नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच वेळा येतात, ३० दिवसांच्यात दोन वार, आणि ते वार कुठले हे दर महिन्याला बदलतंय. ज्याचे तास सगळे सोमवार-मंगळवारी आहेत आणि ज्याचे सगळे शुक्रवार-शनिवारी आहेत त्या दोघांचा आठवडा सारखाच दिसला तरी महिना सारखा होत नाही. मी ऑफिसला लागलो त्या पहिल्या वर्षी मीपण गुणिले चारच करत होतो, सीनियर क्लार्कनं तसं शिकवलेलं. पाच शनिवारच्या एका महिन्यात एका सरांचे तीन तास बुडाले, त्यांचे शनिवारीच तीन तास असायचे, आणि ते बिचारे दोन महिने काही बोलले नाहीत, मग एक दिवस डायरी घेऊन टेबलासमोर उभे राहिले. त्या दिवसापासून मी आठवडा धरणं बंद केलं.

कोणीतरी हुशार माणूस ४.३३ नं गुणा म्हणून पण सांगेल (५२ आठवडे भागिले १२). तो आकडा वर्षाची सरासरी म्हणून खोटा नाही, पण तो ठरलेल्या पगाराला चालतो, जिथं सुट्टीचे पण पैसे मिळतात. सरकारी डिग्री कॉलेजातल्या अतिथी उपन्यासकांना, म्हणजे गेस्ट लेक्चररना, महिन्याचं मानधन ठरलेलं असतंय, त्यांचा हा प्रश्नच नव्हे. तुमच्याकडं झालेल्या तासाचे पैसे आहेत, मग झालेले तासच मोजायला लागतात, तारखेनं.

पद्धत एका वाक्याची आहे: एक तास म्हणजे एक ओळ, आणि त्या ओळीवर तारीख. आठवड्याचा तक्ता वर्गासाठी आणि मुलांसाठी, पैशासाठी तारखेची ओळ. ओळीत काय काय पाहिजे तर तारीख, टीचरचा नंबर (नाव नको, नाव तीन जण तीन पद्धतीनं लिहितात), वर्ग, कितवा पिरियड, किती मिनिटांचा, प्रकार (नियमित, बदली म्हणजे दुसऱ्याचा घेतलेला, भरपाई म्हणजे आपलाच बुडालेला नंतर घेतलेला), झाला की नाही, आणि रेट. रेट ओळीतच ठेवा असं मी मुद्दाम सांगतोय, कारण मध्येच १६ तारखेपासून ३५० चे ४०० झाले की ज्यांनी रेट वर एकाच खान्यात ठेवलाय त्यांचे जुने तास पण ४०० नं गुणले जातात, आणि मागच्या महिन्याचं बिल उघडलं की त्यात पण आकडा बदललेला दिसतो.

आता टाइमटेबल बदलतंय त्याचं काय. बदलू दे, त्रास बदलण्याचा नाहीच, त्रास जुनं पुसलं जातंय त्याचा आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं, फळ्यावरचं किंवा एक्सेलमधलं टाइमटेबल तिथंच खोडून नवीन लिहितात, रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर "उद्यापासून बदल" म्हणून फोटो येतो, आणि महिनाअखेरीला कोणालाच आठवत नाही की ७ तारखेला गुरुवारी कुठलं टाइमटेबल चालू होतं. म्हणून प्रत्येक टाइमटेबलाला नंबर द्या, वर "कधीपासून लागू" ती तारीख लिहा, आणि नवीन आलं की जुन्यावर "कधीपर्यंत" लिहून फाईलला लावा. फाडायचं नाही, डिलीट करायचं नाही. एवढं केलं की अर्धं भांडण मिटतंय.

तुमच्या मॅडमचंच उदाहरण घेऊ. तारखा ऑगस्ट २०२५ च्या खऱ्या घेतो म्हणजे कॅलेंडर समोर ठेवून पडताळता येईल, तास माझ्या मनचे. १ ऑगस्टला शुक्रवार होता. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार पाच-पाच, बाकीचे वार चार-चार.

धरा की महिना उजाडला तेव्हा टाइमटेबल १ चालू होतं: सोमवारी २, बुधवारी २, शुक्रवारी २, शनिवारी १, आठवड्याचे ७ तास. ११ तारखेपासून, म्हणजे सोमवारपासून, टाइमटेबल २ लागू: सोम २, मंगळ १, गुरु २, शुक्र २, शनि २, एकूण ९. आणि २५ तारखेपासून टाइमटेबल ३: सोम १, मंगळ २, बुध २, शुक्र १, शनि १, परत ७.

आता तारखेनं चालू. पहिला घोळ पहिल्याच दिवशी आहे, कारण तो आठवडा सोमवारी २८ जुलैला सुरू झालाय आणि ऑगस्टच्या वाट्याला त्यातले फक्त शुक्रवार आणि शनिवार येतात. या लोंबकळणाऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त चुका होतात. जुलैच्या बिलात कोणी पूर्ण आठवडा धरलेला असतो आणि ऑगस्टच्या बिलात पण १ आणि २ तारीख परत येते, किंवा दोन्हीकडं सोडून दिलेलं असतं, म्हणजे एकदा कॉलेजचं जातंय नाहीतर टीचरचं. आपण फक्त तारीख बघणार: १ ला २, २ ला १, झाले ३. पुढच्या आठवड्यात ४, ६, ८, ९ तारखेला मिळून ७. टाइमटेबल १ चे दहा.

टाइमटेबल २ चा पहिला आठवडा: ११ ला २, १२ ला १, १४ ला २, १५ ऑगस्टला शुक्रवार म्हणून झेंडावंदन, तास नाही, १६ ला २. सात झाले. दुसरा आठवडा पूर्ण, १८ ते २३, नऊ. म्हणजे सोळा. टाइमटेबल ३ मध्ये २५ ला १, २६ ला २, २७ ला बुधवारी गणेश चतुर्थी, दोन तास गेले, २९ ला १, ३० ला १. पाच.

दहा, सोळा, पाच. सुट्ट्या वजा होऊन ठरलेले तास ३१. हा झाला कागदावरचा महिना, अजून झालेला नव्हे.

झालेला काढायला हजेरी रजिस्टर घ्यायचं. धरा की १८ तारखेला जोराचा पाऊस लागला आणि डीसींनी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी, सुट्टी दिली. इथं आपल्या भागातली एक गोष्ट विसरू नका, बऱ्याचदा ती ऑर्डर अंगणवाडीपासून पीयूपर्यंतच असते, डिग्रीला नसते, आणि कधी कधी फक्त एक-दोन तालुक्यांनाच असते, खानापूरला सुट्टी आणि बेळगाव चालू असं होतंय. म्हणून ऑर्डर पूर्ण वाचा, कन्नडात असते, नुसता ग्रुपवरचा "उद्या सुट्टी" हा मेसेज बघून दिवसच्या दिवस उडवू नका. मॅडमचे त्या दिवशी दोन तास होते, एक पीयूचा एक डिग्रीचा. पीयूचा गेला, डिग्रीचा झाला. वजा एक. मग २२ ला त्यांनी दुसऱ्या सरांचा एक तास घेतला, बदली, अधिक एक. २६ ला त्या आल्याच नाहीत, घरी गणपतीची तयारी असणार, वजा दोन. त्यातला एक तास त्यांनी ३० तारखेला जादा घेऊन भरून दिला, अधिक एक, आणि दुसरा घेतला २ सप्टेंबरला.

एकतीस, वजा एक, अधिक एक, वजा दोन, अधिक एक. तीस. गुणिले ३५० म्हणजे १०,५०० रुपये.

आता तुमच्या प्रिन्सिपॉलांचं बघा. टाइमटेबल १ किंवा ३ धरलं तर ७ गुणिले ४, २८ तास, ९,८०० रुपये. टाइमटेबल २ धरलं तर ३६ तास, १२,६००. कुठला आठवडा धरायचा हे ठरवणार कोण? ते म्हणतील तिन्हीची सरासरी काढा, ती ७.६७ येते, गुणिले चार ३०.६७, बघा जवळच आलं की. हे योगायोगानं जवळ आलंय, त्याला फसू नका. टाइमटेबल ३ तसंच सप्टेंबरभर चालू राहिलं असं धरा (दसऱ्याची सुट्टी क्षणभर बाजूला ठेवू), सप्टेंबर २०२५ मध्ये सोमवार आणि मंगळवार पाच-पाच आहेत, तास येतात ३१, ५ तारखेचा ईद मिलादचा शुक्रवार गेला की ३०. गुणिले चारनं मात्र २८ च. न बदललेल्या टाइमटेबलात पण सातशे रुपये कमी.

शीटमध्ये हे करायचं असेल तर रजिस्टरच्या ओळींवर एकच मोजणी पुरते. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये टीचरचा नंबर, जी मध्ये झाला असेल तर Y, असं धरलं तर:

```
=COUNTIFS(A:A,">="&DATE(2025,8,1),A:A,"<"&DATE(2025,9,1),B:B,"V03",G:G,"Y")
```

शेवटची तारीख "३१ पर्यंत" अशी न लिहिता "पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी" अशी लिहायची, म्हणजे महिना ३० चा की ३१ चा बघायला नको. रेट ओळीत ठेवला असेल तर याच अटी SUMIFS ला देऊन रेटचा कॉलम बेरीज करा, रुपये सरळ निघतात.

आणि ठरलेले तास हातानं मोजायचा कंटाळा आला तर एका टाइमटेबलाच्या काळात एखादा वार किती वेळा आला हे असं निघतं. खालचं ११ ते २३ ऑगस्टमधले शुक्रवार मोजतं, के कॉलममधल्या सुट्ट्या सोडून:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,11),DATE(2025,8,23),"1111011",$K$2:$K$10)
```

त्या सात आकड्यांत पहिला सोमवार, शून्य म्हणजे मोजायचा वार. इथं उत्तर १ येतं, कारण १५ सुट्टीत गेला आणि २२ राहिला. त्या वारचे तास दोन, म्हणून गुणिले दोन. पण पावसाच्या सुट्टीसारखी अर्ध्या वर्गांची सुट्टी या के कॉलममध्ये टाकू नका, नाहीतर डिग्रीचा तास पण उडेल. ती ओळीवरच "झाला नाही" अशी मारा.

एक्सेलमध्ये माझं एकदा पार डोकं गेलं होतं ते सांगतो, तुमचं पण जाईल म्हणून. नवीन कॉम्प्युटर आला होता, त्याची तारखेची सेटिंग अमेरिकेची, म्हणजे आधी महिना मग दिवस. आपण 06/08 टाईप करतोय ६ ऑगस्ट म्हणून आणि ते धरतंय ८ जून. 19/08 टाकलं तर एकोणिसावा महिनाच नाही, मग ते तारीख न धरता नुसता मजकूर म्हणून ठेवून देतंय. परिणाम काय, १२ तारखेपर्यंतच्या ओळी दुसऱ्याच महिन्यांत जाऊन बसल्या आणि १३ च्या पुढच्या ओळी मोजणीतच आल्या नाहीत. वरच्या उदाहरणात असं झालं तर मॅडमचे ऑगस्टात फक्त दोन तास दिसतील, ८ तारखेचे, कारण 08/08 कसंही वाचलं तरी ८ ऑगस्टच. ओळखायचं कसं? खरी तारीख खान्यात आपोआप उजवीकडं चिकटते, मजकूर झालेली डावीकडं. तारखेचा कॉलम डोळ्यांखालून घातला आणि काही उजवीकडं काही डावीकडं दिसल्या की तिथंच थांबायचं. दुसरी खात्री, सगळ्या टीचरांची महिन्याची बेरीज आणि रजिस्टरमधल्या Y लागलेल्या एकूण ओळी दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत, एकानं जरी फरक आला तरी कुठली तरी ओळ बाहेर राहिलीय.

आता "तास" ह्या शब्दाचं. आपल्या मराठीत हा शब्द लई घोळ घालतो कारण पिरियडला पण तासच म्हणतोय आणि साठ मिनिटांना पण तासच. "ताशी साडेतीनशे" असं ठरलं की घेणारा पिरियड समजतो आणि देणारा घड्याळ. तुमच्याकडं पिरियड ५० मिनिटांचा असेल तर मॅडमचे तीस पिरियड म्हणजे १,५०० मिनिटं, म्हणजे २५ घड्याळी तास, आणि बिल १०,५०० ऐवजी ८,७५०. एका शब्दामुळं साडेसतराशेचा फरक. पलीकडं महाराष्ट्रात शिकवून आलेल्या लोकांना घड्याळी तासाच्या हिशेबाची सवय असते, ते हे लगेच विचारतात, आपल्याकडचे बिल हातात पडल्यावर विचारतात. तुम्ही लेक्चरला ३५० म्हणताय ते बरं आहे, पण नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये पण "लेक्चर" असंच आहे का ते काढून बघा, आणि प्रॅक्टिकल असेल तर दोन पिरियडचं प्रॅक्टिकल एक धरायचं की दोन हे त्यातच लिहून घ्या. घड्याळी तास लावायचाच असेल तर मिनिटं महिनाभर साठवा आणि शेवटी एकदाच ६० नं भागा. रोज ५० मिनिटांचे ०.८३ करून जोडत गेलात तर तीस पिरियडचे २४.९ होतात, ३५ रुपये हवेत जातात आणि ते का गेले हे कोणाला समजावून सांगता येत नाही.

बंद पडलेल्या तासाचं काय करायचं हे मोजणीचं काम नव्हे, ते ठरवायचं काम आहे, आणि ते जूनमध्ये ठरवायचं, पाऊस लागल्यावर नव्हे. सुट्टी आदल्या दिवशी संध्याकाळी कळली तर पैसे नाहीत हे कोणीपण मान्य करतंय. पण मॅडम निपाणीहून सकाळची बस धरून हायवेनं येऊन पोचल्या, सही केली, आणि मग कळलं की पीयू बंद, तर काय? आम्ही असा नियम केला होता की घरातून निघायच्या वेळेआधी कळवलं नाही आणि टीचरनं येऊन सही केली तर त्या दिवशीच्या बुडालेल्या तासांपैकी एका तासाचे पैसे द्यायचे. ट्रस्टींनी कुरकुर केली, पण वर्षाला मोजून सात-आठ तास निघाले, त्याच्यावर कोणी भांडलं नाही. तुम्ही दिलेच तर ती ओळ "झाला" मध्ये मिसळू नका, वेगळा प्रकार ठेवा, नाहीतर पोर्शन किती झाला हे बघताना तो न शिकवलेला तास शिकवल्यात धरला जाईल.

वर्ग एकत्र बसवल्याचं पण बघा. दोन डिव्हिजन एका हॉलमध्ये बसवून एकच लेक्चर झालं तर दोन्ही वर्गांच्या रजिस्टरला सही पडते आणि दोन ओळी येतात. टीचर एक, तारीख एक, पिरियड एक, आणि ओळी दोन, अशी जोडी दिसली की एकच मोजायची. महिन्याला एकदा टीचर आणि तारखेनं सॉर्ट मारलं की हे लगेच डोळ्यात येतं.

महिना बंद कधी करायचा हे पण एकदा ठरवून टाका. काही ऑफिसं २६ ते २५ धरतात, पगार लवकर काढायला सोपं जातं म्हणून. तसं चालतंय, फॉर्म्युल्यात दोन तारखा बदलल्या की झालं, पण एकदा ठरवलेली तारीख हलवायची नाही. आणि बंद केलेल्या महिन्यात नंतर सापडलेला तास त्या महिन्यात घुसवायचा नाही. पुढच्या बिलात "मागील फरक" म्हणून वेगळी ओळ, त्यावर मूळ तारीख. टीडीएस वगैरे काय कापायचं ते या बेरजेच्या नंतर, मोजणीत त्याला आणू नका.

काही ठिकाणी मॅनेजमेंटला महिन्याला एकच आकडा पाहिजे असतो, आणि खरं सांगायचं तर टीचरला पण तेच बरं पडतं, घरभाडं काय तासावर नसतंय. मग असं करा, महिन्याला ठरावीक उचल द्या, समजा ८,०००, आणि खरा हिशेब वर सांगितला तसाच तारखेनं ठेवा. ऑगस्टचे १०,५०० झाले, ८,००० दिले, २,५०० शिल्लक, पुढच्या महिन्यात तीच शिल्लक ओढायची. परीक्षेच्या महिन्यात तास चार-पाचच होतात तेव्हा ही शिल्लक वापरात येते, आणि सेमिस्टर संपताना उरलेलं चुकतं करायचं. उचल नेहमी कमीत कमी महिन्याच्या अंदाजानं ठेवा, एकदा टीचरकडं पैसे निघायला लागले की वसूल होत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

उचल आणि मर्यादा यात मात्र गोंधळ करू नका. यूजीसीनं २०१९ मध्ये गेस्ट फॅकल्टीसाठी लेक्चरला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलेलं (आपल्या खाजगी कॉलेजांत तो रेट कोण देतोय म्हणा). तिथं ३३ लेक्चरलाच ४९,५०० होतात, चौतिसाव्याचे पाचशेच मिळतात आणि पस्तिसाव्याचा काहीच नाही. अशी महिन्याची मर्यादा तुमच्या ऑर्डरमध्ये असेल तर कुठला तास कुठल्या महिन्यात पडतो याला एकदम किंमत येते, कारण भरलेल्या महिन्यातला जादा तास फुकट जातो आणि रिकाम्या महिन्यातली जागा पण वाया जाते. अशा ठिकाणी भरपाईचे तास कधी घ्यायचे हे टाइमटेबलवाल्यानं आधी ऑफिसला विचारलेलं बरं.

राहिल्या तुमच्या मॅडम. त्यांना आकडा सांगू नका, ओळी दाखवा. बिल काढायच्या दोन दिवस आधी प्रत्येक टीचरला त्यांच्या तारखांची प्रिंट द्यायची आणि त्यांच्या डायरीशी जुळवून सही घ्यायची, नऊ टीचरांना अर्धा तास लागतोय. समजा मॅडमच्या डायरीत ३२ निघाले आणि तुमचे ३०. "माझे जास्त झालेत" ह्यावर वाद घालत बसलं तर दिवस जाईल, पण तारखेवर बोट ठेवलं की दोनच ओळी वेगळ्या निघतात: १८ चा पीयूचा तास, ज्याची त्यांनी सही केलीय पण वर्ग झाला नाही, आणि २६ चा बुडालेला दुसरा तास जो त्यांनी २ सप्टेंबरला घेतला पण डायरीत ऑगस्टच्या पानावर लिहून ठेवलाय. पहिल्यासाठी तुमचा नियम काय आहे तो प्रिन्सिपॉलांना विचारून लिहून घ्या, आणि दुसरा सप्टेंबरच्या शीटमध्ये २ तारखेला भरपाई म्हणून त्यांच्यासमोरच टाईप करा.